अर्ध्या ताकदीचा थेंब
बेंगळुरूच्या नारायण नेत्रालयात डॉ. आनंद विणेकर यांनी 2008 साली ‘किडरॉप’ हा उपक्रम सुरू केला. कर्नाटकातल्या गावोगावच्या नवजात शिशुकक्षांत प्रशिक्षित तंत्रज्ञ कॅमेरा घेऊन जातात, वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या दृष्टिपटलाचे फोटो काढतात आणि ते बेंगळुरूच्या डॉक्टरांना पाठवतात. 34 आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा 2 किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाची ही तपासणी जन्मानंतर 30 दिवसांच्या आत व्हावी लागते. फार लवकर जन्मलेल्यांची त्याहूनही आधी. दृष्टिपटलावर विकृत रक्तवाहिन्या वाढू लागल्या, तर उपचारासाठी हाताशी मोजकेच दिवस असतात. या उपक्रमाबद्दल बोलताना कॅमेऱ्याचे आणि इंटरनेटचे कौतुक होते. पण फोटो निघायचा तर आधी बाळाची बाहुली मोठी व्हायला हवी, आणि माझ्या मते या तपासणीतला सर्वांत नाजूक भाग तोच आहे.

बाहुलीभोवती दोन स्नायू असतात. एक बटव्याच्या नाडीसारखा गोल फिरलेला, तो आवळला की बाहुली लहान होते. दुसऱ्याचे तंतू किरणांसारखे बाहेर पसरलेले, ते आखडले की बाहुली उघडते. पहिल्याला अ‍ॅसिटिलकोलीनचा निरोप लागतो, दुसऱ्याला अ‍ॅड्रेनॅलिनच्या जातीच्या रसायनाचा. ट्रॉपिकामाइड पहिला निरोप अडवते, फेनिलेफ्रिन दुसऱ्याची नक्कल करते. नुसत्या फेनिलेफ्रिनने बाहुली मोठी होते खरी, पण तपासणीचा प्रखर दिवा पडला की गोल स्नायू पुन्हा आवळतो. म्हणून दोन्ही औषधे एकत्र देतात. आपल्याकडच्या गडद डोळ्यांत रंगद्रव्य औषध धरून ठेवते, त्यामुळे परिणाम सावकाश दिसतो आणि आणखी एक थेंब टाकण्याचा मोह होतो.

तो मोह का टाळायचा, हे हिशेबाने पाहू. मोठ्यांच्या नेहमीच्या बाटलीत 5 टक्के फेनिलेफ्रिन आणि 0.8 टक्के ट्रॉपिकामाइड असते. साधारण 0.05 मिलिलिटरच्या एका थेंबात 2.5 मिलिग्रॅम, म्हणजे 2500 मायक्रोग्रॅम फेनिलेफ्रिन आले. भूल दिलेल्या मोठ्या माणसाचा रक्तदाब घसरला, तर शिरेतून याच औषधाचे 50 ते 100 मायक्रोग्रॅम पुरतात. बाळाच्या डोळ्यात थेंबाचा जेमतेम काही भाग मावतो. उरलेला गालावर ओघळतो किंवा अश्रुनलिकेतून नाकात उतरतो आणि तिथून रक्तात जातो. बाळ 1200 ग्रॅमचे असेल आणि दोन्ही डोळ्यांत तीन-तीन थेंब पडले, तर पूर्ण ताकदीने 15 मिलिग्रॅम फेनिलेफ्रिन त्याच्या वाट्याला येते. सगळे रक्तात जात नाही, पण थोडेही या वजनाला पुष्कळ आहे.

म्हणून औषध निर्जंतुक पद्धतीने निम्मे पातळ करतात. एकेक लहान थेंब, 10 ते 15 मिनिटांच्या अंतराने, दोनदा किंवा तीनदा. प्रत्येक वेळी ओघळ लगेच टिपायचा आणि डोळ्याचा नाकाकडचा कोपरा हलके दाबून धरायचा. दूध तासभर आधी द्यायचे, कारण ट्रॉपिकामाइड आतड्यांची हालचालही मंद करते. पापण्यांभोवतीची कातडी पांढरी पडणे, नाडीचा वेग बदलणे, श्वास थांबणे आणि नंतरच्या दिवसभरात पोट फुगणे किंवा दूध न पचणे यांकडे परिचारिका लक्ष ठेवतात. अ‍ॅट्रोपिन इथे वापरत नाहीत, त्याचा परिणाम आठवडाभर किंवा जास्त टिकतो.

एवढे करूनही बाहुली उघडली नाही तर? थेंब डोळ्यात टिकलाच नसेल, ही एक शक्यता. पण भिंगातून पाहिल्यावर बुबुळाच्या रंगीत पडद्यावर फुगलेल्या रक्तवाहिन्या दिसल्या, तर न उघडणारी बाहुली हेच आजार जोरात असल्याचे लक्षण असते. तेव्हा आणखी थेंब टाकत बसणे म्हणजे वेळ घालवणे. त्या बाळाला लेसर किंवा डोळ्यात इंजेक्शन लागू शकते, आणि तेही एक-दोन दिवसांत.

हीच औषधे आजीच्या डोळ्यात वेगळाच धोका घडवू शकतात. डोळ्याच्या आत मिनिटाला सुमारे 2 मायक्रोलिटर पाणी तयार होते. ते बाहुलीतून पुढे येते आणि कडेच्या कोनातल्या जाळीतून निघून जाते. हा कोन मुळातच अरुंद असेल, तर बाहुली अर्धवट उघडी असताना रंगीत पडदा डोळ्यातल्या भिंगाला चिकटून पाणी अडते. मागचा दाब पडद्याला पुढे ढकलतो आणि कोन बंद होतो. हे बऱ्याचदा थेंबाचा अंमल ओसरताना, माणूस घरी पोहोचल्यावर घडते. डोळा लाल होतो, दिव्याभोवती रंगीत कडे दिसते, डोके ठणकते, उलटी होते; आणि उलटीमुळे पित्ताचा त्रास समजून झोपून राहिले, तर नजर जाऊ शकते. रुग्णालयात डोळ्यातला दाब 40 च्या वर असला, तर बाहुली आकसवणारे पिलोकार्पिन सुरुवातीला निरुपयोगी ठरते, कारण रक्तपुरवठा अडलेला गोल स्नायू त्याला प्रतिसाद देत नाही. आधी पाणी कमी बनवणारी औषधे, त्यांत टिमोलोल (दम्याच्या रुग्णांना सोडून), आणि मग पिलोकार्पिन. शेवटी लेसरने पडद्याला बारीक छिद्र पाडतात आणि पाण्याला दुसरी वाट मिळते.