स्पॅनिश पाहुण्यासाठी घरातल्या सूचना

मराठी घरात राहायला येणाऱ्या स्पॅनिशभाषक पाहुण्यासाठी सूचनांची चिठ्ठी लिहायची, तर पाहुणा कोणत्या देशाचा हे आधी कळायला हवे. रोजच्या वस्तूंची नावे देशागणिक बदलतात. बादलीला स्पेनमध्ये ‘कूबो’, मेक्सिकोत ‘कुबेता’ आणि अर्जेंटिनात ‘बाल्दे’ म्हणतात. नळ स्पेनमध्ये ‘ग्रिफो’, मेक्सिकोत ‘यावे’. ‘घेणे’ या अर्थी स्पेनमध्ये दिवसभर वापरले जाणारे ‘कोहेर’ हे क्रियापद मेक्सिकोत आणि अर्जेंटिनात अश्लील ठरते. त्याऐवजी ‘तोमार’ लिहिले की कुठेच अडचण येत नाही. अनोळखी पाहुण्याला ‘उस्तेद’ म्हणजे ‘आपण’ या आदरार्थी रूपात लिहावे.

सर्वाधिक गोंधळ न्हाणीघरात होतो, म्हणून गिझरची चिठ्ठी नीट जुळवावी लागते. स्पेनमधल्या अनेक घरांत गॅसवरचा हीटर नळ उघडताच आपोआप पेटतो, किंवा विजेवरची टाकी कायम चालू असते. त्यामुळे आंघोळीआधी बटण दाबून थांबायचे आणि नंतर ते बंद करायचे, हे त्या पाहुण्याला सुचणारच नाही. शिवाय हे बटण पुष्कळदा न्हाणीघराच्या बाहेर असते. त्यातच नळावरच्या अक्षरांचा घोळ होतो. आपल्याकडच्या काही नळांवर गरम पाण्यासाठी ‘एच’ आणि गारासाठी ‘सी’ हे इंग्रजी अक्षर असते. स्पॅनिशमध्ये गरम म्हणजे ‘कालिएंते’, आणि तो शब्द ‘सी’नेच सुरू होतो. पाहुणा ‘सी’चा नळ सोडून गरम पाण्याची वाट पाहतो, किंवा दुसरा नळ गार समजून पूर्ण सोडतो आणि हात भाजून घेतो.

दोन हजार वॅटच्या, १५ लिटरच्या गिझरला पाणी तापवायला साधारण पंधरा मिनिटे लागतात. हे धरून चिठ्ठीत चार ओळी पुरतात: ‘एन्सिएंदा एल इंतेरुप्तोर रोहो’ (लाल बटण चालू करावे), ‘एस्पेरे १५ मिनूतोस’ (पंधरा मिनिटे थांबावे), ‘आपागे एल इंतेरुप्तोर’ (बटण बंद करावे) आणि ‘सी: आग्वा फ्रीआ’ (सी म्हणजे गार पाणी). ही चिठ्ठी बटणाशेजारी लावावी आणि शेवटची ओळ वेगळ्या कागदावर नळाजवळही चिकटवावी. लाल बटण म्हटले, तर ते खरोखर लाल असले पाहिजे. नसेल तर त्यावर लाल टिकली लावावी.

बाकीच्या उपकरणांत प्लगची सूचना महत्त्वाची. आपल्याकडे प्रत्येक सॉकेटला स्वतंत्र बटण असते. ते माहीत नसलेला पाहुणा चार्जर लावतो आणि सॉकेट बिघडले असे समजतो. स्पेनमधली वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची आहे, पण मेक्सिकोत ती १२७ व्होल्टची असते. तिथून आणलेला केस वाळवायचा ड्रायर इथे लावला तर जळू शकतो. ज्या चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असते, तो निर्धास्त चालतो.

पाण्याबाबत नुसते ‘नळाचे पाणी पिऊ नये’ लिहून भागत नाही. पाहुणा दात घासताना तेच पाणी तोंडात घेतो. म्हणून ‘पिण्यासाठी आणि दात घासण्यासाठी आग्वा फिल्त्रादा’, म्हणजे गाळलेले पाणी, असे लिहून ते कुठल्या भांड्यात किंवा फिल्टरमध्ये आहे ते सांगावे. नगरपालिकेचे पाणी ठरावीक वेळीच येत असेल, तर ती वेळ द्यावी, आणि कोरडा नळ उघडा ठेवून बाहेर जाऊ नये हेही लिहावे. नाहीतर पाणी आले की घरभर तळे साचते.

जेवणाच्या वेळा घड्याळातल्या आकड्यांनी लिहाव्यात. ‘आल्मुएर्सो’ म्हणजे कोलंबियात दुपारचे जेवण, पण स्पेनमध्ये अनेक ठिकाणी तो सकाळचा मधला खाऊ. स्पेनमध्ये रात्री नऊनंतर जेवण्याचा प्रघात आहे. त्यामुळे घरात आठला पाने मांडत असतील, तर २०:०० असा स्पष्ट आकडा हवा. पोळीला ‘तोर्तिया’ लिहिले, तर मेक्सिकन पाहुण्याला ते जवळचे वाटते; स्पेनचा पाहुणा मात्र बटाटा घातलेल्या ऑम्लेटची वाट पाहील. ‘गव्हाची पातळ भाकरी’ असे वर्णन दोघांनाही कळते. घर शाकाहारी असेल तर ‘सिन कार्ने’, मांसाविना, एवढेच पुरत नाही. ‘कार्ने’ म्हटल्यावर मासे त्यात धरले जात नाहीत, म्हणून मांस, मासे, अंडी ही तिन्ही नावे लिहावी लागतात. तिखटाला ‘पिकांते’ आणि तापलेल्याला ‘कालिएंते’ असे दोन वेगळे शब्द आहेत. ठेच्याच्या वाटीजवळ पहिलाच लिहावा.