एकोणीस वर्षांचा वायदा

2025 साली टपालखात्याने रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन केल्याची वार्ता वाळूजच्या टपाल कचेरीतील खिडकीपाशीच माझ्या कानी पडली, तेव्हा मला क्षणभर विषाद वाटला. कारण एका दूरस्थ मित्राला जुन्या वायद्याची आठवण करून देणारे पत्र, केवळ थट्टा म्हणून, रीतसर रजिस्टर करून पोचपावतीसह धाडावे, असा माझा कित्येक दिवसांचा बेत होता. निरुपायाने मी पन्नास पैशांचे पोस्टकार्ड मागितले, आणि घरी येताना माझ्या ध्यानी आले की झाले ते उत्तमच झाले. रजिस्टर पत्रावर सही घेतली जाते आणि त्यामुळे आमंत्रणालाही तगाद्याचा वास येतो. कार्ड मात्र शेजाऱ्याने वाचले तरी चालते आणि त्याचे उत्तर आले नाही तरी कोणी कोणाचा अपराधी ठरत नाही.

वायदा कसला, ते सांगण्यासाठी 1988 पर्यंत मागे जावे लागेल. त्यापूर्वी तीनच वर्षे, 1985 साली, बजाजचा कारखाना वाळूजच्या माळावर उभा राहिला होता आणि जोगेश्वरी, रांजणगाव, पंढरपूर या खेड्यांतील घरमालक गोठ्यांना भिंती घालून आम्हां पोरांना खोल्या भाड्याने देऊ लागले होते. नगर रस्त्यावरच्या या पंढरपुरात (लोक त्याला कौतुकाने छोटे पंढरपूर म्हणतात) माझी आणि या मित्राची मिळून एक खोली होती, एक स्टोव्ह होता आणि एकच छत्री होती. ती छत्री माझी होती हे त्याने आजतागायत मान्य केलेले नाही. त्या वर्षीच्या आषाढीला आमच्या साहेबांनी रजेचा अर्ज नामंजूर केला, तेव्हा रात्रपाळी संपवून आम्ही तसेच, तेलकट कपड्यांनिशी, शहरातून पायी आलेल्या दिंड्यांच्या मागे दर्शनाच्या रांगेत उभे राहिलो आणि घरमालकिणीने वाढलेली भगर व दाण्याची आमटी खाऊन दिवसभर झोपलो. पुढची काही वर्षे हाच आमचा वार्षिक विधी होता. लग्ने, बदल्या, हप्ते यांनी भरलेला नंतरचा काळ सांगण्याजोगा नाही.

2007 साली पंतनगरला कंपनीचा नवा कारखाना निघाला आणि हा मित्र तराईच्या त्या मुलखात रुजू व्हायला गेला. निघताना म्हणाला, "पुढच्या आषाढीला येतो." पुढची आषाढी कोणती, हे त्याने सांगितले नाही, आणि माझ्या मते त्याचा बचाव नेमका इथेच आहे.

चांद्रवर्ष सुमारे 354 दिवसांचे असल्याने एकादशी दरसाल अकराएक दिवस अलीकडे सरकते, आणि ही तूट सुमारे बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अधिकमास भरून काढतो. गेल्या वर्षी, 2025 साली, आषाढी 6 जुलैला होती. यंदा ज्येष्ठ अधिक असल्यामुळे ती 25 जुलैवर गेली आहे. परंतु एकोणीस सौर वर्षांत जवळजवळ बरोबर 235 चांद्रमास बसतात आणि तेवढ्या अवधीनंतर तिथी व तारीख, एखाद्या दिवसाचा फरक सोडला तर, पुन्हा जुळून येतात. 1988 साली ज्येष्ठ अधिक होता, 2007 सालीही तोच होता आणि 2026 सालीही तोच आहे. म्हणजे पंचांगाच्या हिशेबाने तो गेला त्या वर्षाची 'पुढची' आषाढी खऱ्या अर्थाने आत्ता येत आहे. त्याचा वायदा मुदतीबाहेर गेलेला नाही.

इथे काय उरले आहे, हे लिहिण्याचा मोह मी कार्डावर आवरला. आमच्या खोलीच्या जागी तीन मजली इमारत आहे, नगर रस्ता ओलांडायला आता धैर्य लागते आणि शहराप्रमाणेच रेल्वे स्थानकाचेही नाव बदलले आहे, हे त्याने येऊन स्वतःच पाहावे आणि मनसोक्त कुरकुरावे. आठवण द्यायची तर 'विसरलास ना?' असे विचारू नये, दिवस आणि गाडी सांगावी, हे मी वयापरत्वे शिकलो आहे. म्हणून कार्डावर एवढेच लिहिले:

"यंदा आषाढी 25 जुलैला, शनिवारी आहे. रुद्रपूरहून राणीखेत एक्सप्रेसने दिल्ली गाठ, 23 तारखेला तिथून सचखंडने नीघ, म्हणजे 24 ला सकाळी इथे पोचशील. आरक्षण आता साठच दिवस आधी उघडते, म्हणून 24 मेला तिकीट काढ. जमले नाही तर कार्तिकी आहेच. भगर मी आणून ठेवतो. येताना छत्री आण. आपल्या दोघांत एक पुरते."