एक्सेल २०१६ : VLOOKUP, IFNA आणि SUMIF - नोकरीच्या चाचणीस बसणाऱ्यांसाठी

मुलाखतीच्या आधी संगणकावर अर्ध्या तासाची चाचणी घेण्याची पद्धत हिशेब, साठा किंवा विक्रीची नोंद ठेवणाऱ्या जागांसाठी पुष्कळ ठिकाणी असते. उमेदवाराला दोन याद्या दिल्या जातात. एकीत विक्री, दुसरीत दर. पहिल्या यादीत दर भरा आणि अमुक मालाची एकूण विक्री सांगा, एवढाच प्रश्न असतो. या लेखात तेवढेच एक उदाहरण सोडवायचे आहे. त्यासाठी वर दिलेली तीन फंक्शन्स पुरतात.

आवृत्तीचे नाव शीर्षकातच दिले, त्याचे कारण आधी सांगायला हवे. VLOOKUP चे काम अधिक सुटसुटीतपणे करणारे XLOOKUP हे फंक्शन एक्सेल २०२१ मध्ये आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये आहे. २०१६ व २०१९ मध्ये ते नाही. घरी नव्या आवृत्तीवर सराव केलेल्या उमेदवाराने चाचणीच्या जुन्या संगणकावर ते टाइप केले, तर उत्तराऐवजी #NAME? उमटते आणि आपले स्पेलिंग चुकले की काय, हे शोधण्यात दहा मिनिटे जातात. एक्सेल २०१६ ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, परंतु संगणकात बसवलेली प्रत त्यानंतरही चालते. या लेखातली सूत्रे पुढच्या सर्व आवृत्त्यांतही चालतात. समोरच्या संगणकावर कोणती आवृत्ती आहे, हे File मध्ये जाऊन Account उघडले की दिसते. तेवढे पाहूनच प्रश्नाला हात घालावा.

आता उदाहरण. स्टेशनरीच्या दुकानाची दरयादी F2 ते H6 या भागात आहे, असे समजू. F मध्ये मालाचा क्रमांक, G मध्ये नाव आणि H मध्ये दर. १०१ वही ३० रुपये, १०२ पेन १० रुपये, १०३ फाइल २५ रुपये, १०५ स्टेपलर ९० रुपये, १०६ कात्री ६० रुपये. १०४ क्रमांक यादीत नाही, हे लक्षात ठेवावे. विक्रीच्या यादीत B मध्ये क्रमांक आणि C मध्ये नग आहेत. दुसऱ्या ओळीपासून अनुक्रमे १०३ चे ४० नग, १०१ चे १२, १०४ चे २०, १०६ चे ५ आणि पुन्हा १०३ चे १० नग. D मध्ये दर आणायचा आहे. D2 मध्ये हे सूत्र लिहावे :

```
=VLOOKUP(B2,$F$2:$H$6,3,FALSE)
```

सूत्राचा अर्थ सरळ आहे. B2 मधला क्रमांक दरयादीच्या पहिल्या स्तंभात शोध. सापडला की त्याच ओळीतील तिसऱ्या स्तंभात जे असेल ते आण. उत्तर २५ येते. हेच सूत्र खाली D6 पर्यंत ओढले की ३०, मग #N/A, मग ६० आणि २५ असे आकडे येतात. #N/A म्हणजे क्रमांक यादीत नाही. येथे ते उत्तर बरोबर आहे.

बहुतेकांचे चुकते ते शेवटच्या FALSE या शब्दापाशी. तो वगळला तरी एक्सेल तक्रार करीत नाही. मात्र मग ते 'नेमका तोच क्रमांक' न शोधता 'त्याच्या जवळचा, त्याहून लहान असलेला सर्वांत मोठा क्रमांक' घेते. आपल्या यादीत १०४ साठी ते १०३ ची ओळ पकडते आणि २५ हा फाइलचा दर बिनबोभाट लिहून टाकते. २० नगांचे ५०० रुपये होतात, एकूण विक्री १,९१० ऐवजी २,४१० दिसते आणि पडद्यावर चुकीची कसलीही खूण नसते. दरयादी चढत्या क्रमाने लावलेली नसेल, तर याहूनही भलतेच आकडे येऊ शकतात. परीक्षक मुद्दाम असा एक नसलेला क्रमांक यादीत घालून ठेवतात, ते हेच पाहण्यासाठी.

डॉलरची चिन्हे ही दुसरी जागा. ती न लिहिता सूत्र खाली ओढले, तर दरयादीचा पत्ताही एकेक ओळ खाली सरकतो. तिसऱ्या ओळीत शोध F3 पासून सुरू होतो, तेथे १०१ उरलेलाच नसतो. आपल्या उदाहरणात मग तीन ठिकाणी #N/A दिसते, आणि त्यांतले एकच खरे असते. वरची उत्तरे बरोबर आणि खालची बिघडत गेलेली दिसली, की डॉलर तपासावेत. सूत्रात पत्ता लिहून F4 ही कळ दाबली की ती चिन्हे आपोआप लागतात.

कधी सगळे बरोबर लिहूनही डोळ्यांना दिसणारा क्रमांक सापडत नाही. दुसऱ्या कुठल्या प्रणालीतून आलेल्या यादीत १०३ हा आकडा नसून मजकूर म्हणून साठवलेला असतो. अशा सेलच्या डाव्या कोपऱ्यात बहुधा हिरवा त्रिकोण असतो. खात्री करायची तर मोकळ्या जागी =ISNUMBER(B2) लिहावे; FALSE आले तर तो मजकूर आहे. ते सेल निवडून शेजारी येणाऱ्या पिवळ्या खुणेतून Convert to Number केले की दर लगेच उमटतो.

आता त्या खऱ्या #N/A चे काय करायचे? सूत्र IFNA मध्ये गुंडाळावे :

```
=IFNA(VLOOKUP(B2,$F$2:$H$6,3,FALSE),"दर नाही")
```

पुष्कळ जण येथे IFERROR वापरतात. एक्सेल २००७ पासून असल्याने तेच अंगवळणी पडलेले असते. पण IFERROR सर्वच चुका झाकते. फंक्शनचे नाव चुकले वा यादीचा स्तंभ कोणी पुसला, तरी 'दर नाही' एवढेच दिसते. एक्सेल २०१३ पासून आलेले IFNA फक्त 'सापडले नाही' एवढेच झाकते, बाकीची चूक उघडी ठेवते. माझ्या मते हिशेबाच्या कामात हेच अधिक प्रामाणिक.

रक्कम काढताना मात्र एक अडचण येते. 'दर नाही' या शब्दांना नगांनी गुणता येत नाही, म्हणून E2 मध्ये थेट गुणाकार न लिहिता असे लिहावे व खाली ओढावे :

```
=IF(ISNUMBER(D2),C2*D2,"")
```

रकमा १,०००, ३६०, रिकामी जागा, ३०० आणि २५० अशा येतात. बेरीज १,९१०. फाइलची एकूण विक्री हवी असेल तर :

```
=SUMIF(B2:B6,103,E2:E6)
```

उत्तर १,२५० येते. दोन ओळींतल्या १,००० आणि २५० ची ती बेरीज आहे, हे डोळ्यांनीही पडताळता येते. पहिला भाग कोठे शोधायचे तो, दुसरा काय शोधायचे तो, तिसरा कशाची बेरीज करायची तो. पहिला आणि तिसरा भाग एकाच ओळीपासून सुरू व्हायला हवेत. B2 बरोबर चुकून E3 लिहिले, तर एका ओळीची रक्कम दुसरीच्या नावे पडते आणि येथेही एक्सेल गप्प राहते.

वेळ उरला तर पत्रक देण्यापूर्वी १०४ च्या ओळीकडे परत यावे आणि उत्तराखाली एक वाक्य लिहावे : 'क्र. १०४ चा दर यादीत नाही. २० नगांची रक्कम बेरजेत धरलेली नाही.'