जाहिरात आज, पैसे पंधरवड्यानंतर

सोलापुरी चादरी ऑनलाइन विकणारा एक छोटा व्यापारी डोळ्यांसमोर आणा. चादरीची किंमत १,००० रुपये. फेसबुक-इन्स्टाग्रामवर तो रोज २,००० रुपयांची जाहिरात करतो आणि त्यावर १० ऑर्डर येतात. जाहिरातीचा हिशेब दाखवणारा पडदा सांगतो, खर्चाच्या पाचपट विक्री झाली. आकडा खोटा नाही, पण तो ऑर्डरचा आहे. हातात आलेल्या पैशांचा नव्हे.

यातले बहुतेक ग्राहक कॅश ऑन डिलिव्हरीवाले. दहापैकी दोन पार्सलं परत येतात असे धरू. उरलेल्या आठांचे ८,००० रुपये कुरिअर कंपनी गोळा करते आणि आपल्या ठरलेल्या वारी व्यापाऱ्याच्या खात्यात भरते. पार्सल पोचायला पाच-सहा दिवस आणि पुढे कंपनीचा आठवडाभराहून थोडा जास्त वेळ, म्हणजे आजच्या जाहिरातीचे पैसे साधारण १५ दिवसांनी दिसतात. जाहिरातीचे पैसे मात्र लगेच कार्डातून वजा होतात, वर १८ टक्के जीएसटी. नोंदणी असेल तर या कराची वजावट पुढे मिळते, पण रक्कम आज जातेच.

आता रोजचा नफा पाहू. आलेल्या ८,००० मधून जाहिरातीचे २,०००, कुरिअरचे जाण्या-येण्याचे १,२०० आणि आठ चादरींची खरेदी (४५० प्रमाणे) ३,६०० वजा केले, की १,२०० रुपये उरतात. पगार आणि भाडे यातूनच भागवायचे. धंदा नफ्यात आहे. म्हणून व्यापारी ठरवतो, जाहिरात दुप्पट करू.

इथेच गल्ला रिकामा व्हायला लागतो. रोज दहा ऑर्डर वाढल्या, तर जाहिरातीला आणखी २,००० लागतात आणि पार्सल पाठवायला कुरिअरच्या वॉलेटमध्ये आगाऊ १,०००. शिवाय गेलेल्या दहाही चादरी पुन्हा भरायला कारखानदाराला ४,५०० मोजायचे, कारण परत येणाऱ्या दोन चादरी लगेच हाती येत नाहीत. रोजचे ७,५०० ज्यादा. १५ दिवसांत ते १,१२,५०० होतात आणि वाढीव विक्रीचा एक रुपयाही अजून आलेला नसतो. जुन्या विक्रीचा नफा या काळात फक्त १८,०००. म्हणजे साडेचौऱ्याण्णव हजारांचा खड्डा पडतो. नंतर रोजचा नफा दुप्पट, २,४०० झाला तरी तो भरायला सुमारे ४० दिवस लागतात. तेही परतावा वाढला नाही आणि जाहिरात महागली नाही तर. ती महागतेच, कारण खर्च वाढवला की जाहिरात कमी उत्सुक लोकांपुढेही जाऊ लागते. एका ऑर्डरमागे २०० ऐवजी ३२० रुपये लागू लागले, की वाढीव ऑर्डरींवर काहीच उरत नाही.

खड्ड्यात सापडलेला माणूस सहसा कारखानदाराचे पैसे थांबवतो. मग माल येत नाही, चालणारी चादर संपते आणि जाहिरात मात्र चालूच राहते. तशी वेळ आलीच, तर आधी त्या चादरीची जाहिरात थांबवावी, मालाचे पैसे नव्हे.

खड्डा आधीच दिसावा म्हणून पुढच्या तेरा आठवड्यांचा कागद करावा. आठवड्याच्या सुरुवातीची शिल्लक, येणारे, जाणारे, शेवटची शिल्लक, एवढेच चार रकाने. विक्री झाल्याच्या आठवड्यात नव्हे, तर कुरिअर पैसे भरेल त्या आठवड्यात रक्कम लिहायची. कारखाना माल द्यायला तीन आठवडे घेत असेल आणि आगाऊ रक्कम मागत असेल, तर तीही तिच्या आठवड्यात. शेवटच्या रकान्यात कुठे शिल्लक उणे दिसली, की जाहिरात किती वाढवायची ते ठरते. आपल्या उदाहरणात जाहिरात २,००० वरून २,५०० केली, तर १५ दिवसांत सुमारे २८,००० ज्यादा लागतात. नफा वजा जाता तूट दहा हजारांची, आणि ती झेपण्यासारखी आहे. पुढची वाढ या वाढीचे पैसे खात्यात येऊ लागल्यावरच.

अंतर कमी करण्याचा एक उपाय ग्राहकाकडेच आहे. आधी यूपीआयने पैसे भरणाऱ्याला ५० रुपये सूट दिली, तर रक्कम दोन-तीन दिवसांत मिळते आणि पार्सल परत येण्याचे प्रमाणही घटते. क्रेडिट कार्डाने जाहिरात केल्यास दीड महिन्यापर्यंत सवड मिळू शकते, पण बिल पूर्ण भरले तरच. थकले, तर महिन्याला तीन टक्क्यांच्या वर जाणारे व्याज ऑर्डरमागचे १२० रुपये खाऊ लागते.

दिवाळीत हे अंतर जास्त बोचते. सणाच्या आदल्या आठवड्यात जाहिरात सर्वांत जोरात असते, पण त्या ऑर्डरींचे पैसे सण उलटल्यावर येतात. कारागिरांचा बोनस आणि कारखानदाराची बाकी त्याआधी द्यायची असते. त्यामुळे दिवाळीची जाहिरात किती करायची, हे ऑगस्टमध्ये माल नोंदवतानाच कागदावर ठरवलेले बरे.