दादा, येताना लॅपटॉप आणशील?

अमेरिकेतल्या मावसभावाला ‘चांगलासा लॅपटॉप आण’ एवढंच कळवलं, तर तो दुकानात गोंधळणारच. त्याऐवजी असं लिहावं:

‘दादा, हिशेब आणि ऑनलाइन वर्गांसाठी लॅपटॉप हवाय. रॅम १६ जीबी हवी. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये ती बोर्डावरच जोडलेली असते, नंतर वाढवता येत नाही. एसएसडी ५१२ जीबी, स्क्रीन १४ इंच पुरे. गेमिंगचं ग्राफिक्स कार्ड नको, उगाच वजन आणि किंमत वाढते. चार्जरवर 100-240V लिहिलंय ना, ते बघ. मग इथल्या २३० व्होल्टवर फक्त पिन बदलावी लागेल. वॉरंटी भारतात चालते का, हे कंपनीच्या साइटवर तपास. बिल जपून ठेव.’

प्रोसेसरचं नुसतं नाव सांगू नये, पिढीही सांगावी; जुन्या पिढीचा माल सवलतीत हमखास गळ्यात मारतात.

आता कस्टम्स. अठरा वर्षांवरील प्रवाशाला एकच लॅपटॉप शुल्काविना आणता येतो. दादाचा स्वतःचाही सोबत असेल, तर दुसऱ्यावर शुल्क लागू शकतं. म्हणून तो स्वतःचा आणणार आहे का, हे पत्रात आधी विचारा. आणि पैसे कसे देणार, तेही लिहा.