अर्धं ताट उरलं, तर वहीत काय लिहायचं?

शेगावच्या वस्तीत साखरेच्या रुग्णांच्या जेवणाच्या वह्या आम्ही पाहतो. एका आजींना 2 ज्वारीच्या भाकरी, वाटीभर वरण आणि वाटीभर वांग्याची भाजी वाढली होती. अर्धं ताट उरलं, म्हणून सुनेनं सगळ्यापुढं ‘अर्धं’ लिहिलं. आम्ही विचारलं, उरलं काय? दीड भाकर आणि अर्धी वाटी वरण. भाजी संपली होती. म्हणजे पोटात गेली अर्धीच भाकर, वहीत मात्र एक. रक्तातली साखर जास्त वाढते ती भाकरीनं, म्हणून हा फरक मोठा.

वाढलेलं खोडू नका. शेजारी उरलेलं लिहा आणि वजा करा: भाकरी वाढल्या 2, उरली दीड, खाल्ली अर्धी. प्रत्येक पदार्थाचं असंच, ताट उचलण्याआधी. उरलेलं नंतर खाल्लं तर वेळ घालून वेगळी ओळ लिहा.

आजींनी जेवणाआधी इन्सुलिन घेतलं होतं. अशा वेळी साखर एकदम उतरू शकते. घाम, थरथर, गरगर सुरू झाली आणि माणूस शुद्धीवर असला, तर 3 चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा. 15 मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, लगेच दवाखान्यात न्या. इन्सुलिनचा डोस मनानं बदलू नका. वही डॉक्टरांना दाखवा.