सत्तर टक्के की पस्तीस?

सोमवारच्या मीटिंगमध्ये ऑनलाइन पेमेंटचं काम ७० टक्के झाल्याचं स्क्रीनवर दिसलं आणि मॅनेजर खूश झाले. कोड लिहिणारी मुलं मात्र खाली बघत होती.

सॉफ्टवेअरमधल्या अशा मोठ्या कामाला एपिक म्हणतात. त्याचे तुकडे पाडले की प्रत्येकाचं एक तिकीट होतं. आमच्या एपिकमध्ये दहा तिकिटं होती, त्यांतली सात संपली होती. म्हणून ७० टक्के. पण बटणाचा रंग बदलणं हेही एक तिकीट आणि बँकेच्या यंत्रणेशी जोडणी करणं हेही एकच तिकीट. म्हणून टीम प्रत्येक तिकिटाला स्टोरी पॉइंट देते. हे तास नव्हेत. एका कामाच्या मानाने दुसरं किती मोठं आणि किती किचकट, याचा तो अंदाज. आमचे पॉइंट होते १, १, २, २, २, ३, ३, ५, ८ आणि १३, एकूण ४०. संपलेली सात तिकिटं सगळी लहान, त्यांची बेरीज १४. म्हणजे काम झालं होतं ३५ टक्के.

यात कोणी खोटं बोललं नव्हतं. सोपं आधी उरकायचं, हा माणसाचा स्वभाव. त्यामुळे तिकिटं मोजली की सुरुवातीला आकडा झरझर चढतो आणि शेवटी रुसून बसतो. पुढे १३ पॉइंटच्या तिकिटाचे आम्ही पाच तुकडे केले. दहाची चौदा तिकिटं झाली आणि ७०चे ५० टक्के झाले. केलेलं काम तेवढंच होतं! पॉइंटांच्या हिशेबात काही फरक पडला नाही, कारण पाच तुकड्यांची बेरीज १३च ठेवली होती.

इथवर पॉइंटच शहाणे वाटतात. मग टेस्टिंग सुरू झालं आणि सहा बग निघाले. पैसे कापले जातात पण पावती येत नाही, या जातीचे. बगला पॉइंट देण्याची आमच्याकडे पद्धत नव्हती, आणि ज्याला पॉइंट नाही त्याचं वजन शून्य. ठरलेली सगळी तिकिटं संपली तेव्हा पॉइंटांनी १०० टक्के दाखवलं. तिकिटांचा हिशेब वीसपैकी चौदा, म्हणजे पुन्हा ७०. या वेळचे ७० खरे होते, कारण पैसे अजून अडकत होते.

म्हणून माझ्या मते जास्त फसवे पॉइंटच. तिकिटांची चूक डोळ्यांना दिसते; यादी उघडली की मोठी कामं तशीच पडलेली सापडतात. पॉइंटांची चूक दिसतच नाही, कारण बिनपॉइंटाचं तिकीट बेरजेत येत नाही. तरी वजन पॉइंटांनीच करावं, पण टक्क्यांच्या शेजारी पॉइंट न दिलेली किती तिकिटं उघडी आहेत, तेही लिहावं. आता आमच्या स्क्रीनवर तसंच असतं: '१०० टक्के, वजन न केलेली ६'. पहिल्यांदा ते पाहून मॅनेजर जरा वेळ गप्प झाले, मग म्हणाले, ''ही सहा कधी संपतील?''